‘कसे’ विचारलंय की ‘का’? प्रश्नपत्रिकेच्या फोटोचं मराठी करताना

माझी धाकटी जाऊ पुण्यात दांडेकर पुलाजवळ संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचे वर्ग घेते. मुलं सगळी मराठी माध्यमाची. तिच्या मैत्रिणीकडून तिला इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेतली विज्ञान-गणिताची सराव प्रश्नपत्रिका मिळाली. आलेख वाचून उत्तरं लिहायचे चांगले प्रश्न होते, आणि तसा सराव आमच्याकडच्या मुलांना कमीच मिळतो. तिने फोटो पाठवला आणि फोन करून म्हणाली, “वहिनी, याचं मराठी करून द्याल का? ॲपमधून काढून पाहिलं, पण मुलं भलतंच लिहून आणतायत.”

भाषांतर हाच माझा व्यवसाय आहे, तरी प्रश्नपत्रिकेचं काम वेगळं असतं. इथे मजकुराचा अर्थ पोचला एवढ्यावर भागत नाही. मुलाने काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुठे थांबायचं, हे मूळ कागदाने जसं ठरवलंय तसंच राहावं लागतं. प्रश्न अवघड असेल तर तो मराठीतही तेवढाच अवघड हवा, आणि मोघम असेल तर मोघमच.

सुरुवातीला मी फोटोच परत मागवला. आलेला फोटो तिरका होता आणि उजवी कड कापली गेली होती. गुण असतात ते नेमके त्याच कडेला. गुण दिसत नसले तर ‘लिहा’ म्हणजे एक शब्द की चार ओळी, हे ठरवायला दुसरा आधार उरत नाही. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून, एकेका पानाचा वेगळा फोटो काढ आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, असं तिला सांगितलं. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि बारीक खुणा पुसट होतात. ॲपने वाचलेल्या मजकुरात −10 अंशाचं 10 अंश झालं होतं आणि एका प्रश्नातला ठळक अक्षरातला नकार गळला होता. म्हणून मजकूर ॲपमधून घेतला तरी आकडे, चिन्हं, घातांक, ‘कोणतेही दोन’ आणि ‘किंवा’ एवढं मी फोटोवर बोट ठेवून एकेक करून ताडून पाहिलं.

मग अख्खा प्रश्न हातात न घेता वहीत प्रत्येक प्रश्नाचं फक्त आज्ञेचं क्रियापद, त्याचे गुण आणि त्याला जोडलेली अट एवढंच उतरवलं. बालभारतीची दहावी विज्ञानाची दोन्ही माध्यमांची पुस्तकं शेजारी उघडून ठेवली. अप्पा बळवंत चौकात ती मिळतातच, शिवाय बालभारतीच्या संकेतस्थळावरही फुकट उतरवून घेता येतात. स्वाध्यायातल्या सूचना समोरासमोर ठेवल्या की मुलांना कुठल्या शब्दांची सवय आहे ते कळतं. ‘फरक स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘टीप लिहा’ हे शब्द वाचताच मुलाच्या डोक्यात उत्तराचा साचा तयार होतो. शब्दकोशातला प्रतिशब्द बरोबर असूनही साचा चुकीचा पडला, तर प्रश्न बदललाच म्हणायचा.

याचा सगळ्यात मोठा प्रत्यय आलेखाच्या प्रश्नात आला. बर्फ −10 अंश सेल्सिअसपासून तापवत नेलाय. ए ते बी तापमान चढतं, बी ते सी रेषा 0 अंशावर आडवी जाते. पहिला उपप्रश्न, गुण दोन: ए पासून सी पर्यंत तापमानात होणारा बदल ‘डिस्क्राइब’ करा. दुसरा, गुण दोन: बी ते सी तापमान बदलत नाही हे ‘एक्स्प्लेन’ करा. ॲपने दोन्हीकडे ‘स्पष्ट करा’ घातलं होतं.

आपल्याकडे ‘स्पष्ट करा’ फारच ऐसपैस झालंय. फरक स्पष्ट करा, संकल्पना स्पष्ट करा, आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा, सगळं त्यात बसतं. मुलांनी पहिल्याच उपप्रश्नात अप्रकट उष्मा, कणांमधलं आकर्षण वगैरे सगळं लिहून टाकलं होतं. दुसऱ्यात लिहायला काही उरलं नाही, म्हणून तेच पुन्हा. खरं तर पहिल्या उपप्रश्नात आलेखात दिसतं तेवढंच हवं होतं: तापमान −10 पासून 0 पर्यंत वाढतं, मग काही काळ 0 वरच राहतं. कारण तिथे कुणी विचारलेलंच नाही, त्यामुळे लिहिलं तरी त्याला गुण नाहीत. कारण दुसऱ्यात हवं: दिलेली उष्णता तापमान वाढवण्यात न जाता कणांमधलं आकर्षण सैल करून बर्फाचं पाणी करण्यात खर्ची पडते.

‘वर्णन करा’ हा सरळ प्रतिशब्द हाताशी होता, पण तो वाचला की आपली मुलं निबंधाच्या थाटात लिहू लागतात. शेवटी क्रियापदाचा हट्ट सोडला आणि काम प्रश्नार्थक शब्दावर टाकलं. पहिला झाला, “ए पासून सी पर्यंत तापमान कसे बदलते ते आलेखावरून लिहा.” दुसरा, “बी ते सी या दरम्यान तापमान का बदलत नाही ते स्पष्ट करा.” ‘आलेखावरून’ हा शब्द मुळात आहे का, हे आधी पाहिलं. प्रश्नाच्या वरच्या सूचनेत तो होता, म्हणून घेतला. नसता तर मदत म्हणूनही घातला नसता. बिंदूंची नावंही आकृतीत आहेत तीच ठेवली, कारण आकृती मूळचीच चिकटवायची होती.

एक सावधगिरी इथे लागते. ‘एक्स्प्लेन’ दिसलं की ‘का’, असं डोळे मिटून चालत नाही. काही प्रश्नांत एखादी गोष्ट कशी घडते ते क्रमाने उलगडून सांगायचं असतं, आणि तिथे ‘कसे’च लागतं. म्हणून प्रत्येक वेळी आदर्श उत्तर मनात मांडून बघायचं: त्यात ‘कारण’, ‘त्यामुळे’ असे शब्द आल्याशिवाय भागतंय का? भागत नसेल तर हा कार्यकारण विचारणारा प्रश्न. नुसती निरीक्षणं मांडून गुण पुरे होत असतील तर तो सांगण्याचा.

त्याच आलेखाचा तिसरा उपप्रश्न एका गुणाचा होता. एका विद्यार्थ्याने प्रयोग पुन्हा केला तेव्हा आडवी रेषा −1 अंशावर आली; असं का झालं असावं, ते ‘सजेस्ट’ करा. ॲपचं मराठी: “कारण सुचवा.” मराठीत आपण उपाय सुचवतो, स्थळ सुचवतो. घडून गेलेल्या गोष्टीचं कारण कुणी सुचवत नाही. बरं, ‘कारण लिहा’ म्हटलं तर मूल पुस्तकातलं एकमेव बरोबर उत्तर आठवत बसतं, आणि ते पुस्तकात नसतंच. या प्रश्नाची गंमत हीच की उत्तरं अनेक चालतात: पाण्यात मीठ किंवा दुसरा काही पदार्थ मिसळला असेल, तापमापीच एक अंश कमी दाखवत असेल. मी लिहिलं, “याचे एक संभाव्य कारण लिहा.” ‘एक’ घातलं कारण गुण एकच होता. ‘संभाव्य’ हा शब्द दहावीच्या मुलांना संभाव्यतेच्या प्रकरणामुळे परका नाही.

गणितात मला सगळ्यात जपावं लागलं ते एका छोट्या शब्दाला. प्रश्न दोन भागांचा होता. पहिल्यात (n + 1)² − n² = 2n + 1 हे दाखवायचं, आणि दुसरा भाग ‘हेन्स’ने सुरू होऊन 51² − 50² ची किंमत विचारत होता. ॲपने ‘म्हणून किंमत शोधा’ केलं होतं. त्यात अट दिसतच नाही. मूल सरळ 2601 वजा 2500 करून 101 लिहितं. उत्तर बरोबर, पण विचारलेली रीत वेगळीच. पहिल्या भागाचा निष्कर्ष वापरायचा होता: n = 50 घेतलं की 2 × 50 + 1 = 101. त्याला मराठीत ‘यावरून’ चपखल बसतं: “यावरून 51² − 50² ची किंमत काढा.” पुढे एका प्रश्नात ‘हेन्स ऑर अदरवाइज’ होतं. तिथे “यावरून किंवा अन्य रीतीने” असं पूर्ण लिहिलं, कारण त्या वेळी दुसरी रीतही ग्राह्य असते आणि ती मोकळीक मुलाला दिसायला हवी.

एक अडचण मात्र शब्द बदलून सुटणारी नव्हती. ‘मायोपिया’ असलेल्या माणसाला जवळच्या वस्तू स्पष्ट दिसतात की दूरच्या, असा एका गुणाचा प्रश्न होता. आपल्या पुस्तकात या दोषाचं नाव निकटदृष्टिता आहे. म्हणजे प्रश्नाच्या पोटातच उत्तर. इंग्रजी नाव देवनागरीत ठेवावं, तर मुलांनी ते वाचलेलंही नसेल आणि प्रश्न उगाच अवघड होईल. मी पुस्तकातलाच शब्द ठेवला आणि जावेसाठी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं की मराठीत हा प्रश्न फुकटचा झालाय. त्याऐवजी हा दोष दूर करायला कोणतं भिंग वापरतात, ते विचारावं. प्रश्न बदलायचा अधिकार वर्ग घेणाऱ्या बाईंचा. भाषांतर करणाऱ्याने तो परस्पर वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सगळं झाल्यावर मराठी कागद मुलीपुढे ठेवला. तिने मूळ पाहिलं नव्हतं. उत्तरं लिहू नकोस, फक्त प्रत्येक प्रश्नापुढे ‘किती वाक्यं लिहिशील आणि कारण देशील की नाही’ एवढंच लिही, असं सांगितलं. तिची वही आणि माझी गुणांची यादी शेजारी ठेवली. “दोन घटक लिहा व स्पष्ट करा” या चार गुणांच्या प्रश्नात ती अडली: “आई, दोन्ही स्पष्ट करायचे की एकच?” इंग्रजी वाक्यात शंका नव्हती आणि गुणही दोन-दोन असे विभागून दिले होते, म्हणून मराठीत ‘प्रत्येक घटक स्पष्ट करा’ असं केलं. बाकी ठिकाणी तिचे अंदाज गुणांशी जुळले.

जावेने पुढच्या आठवड्यात तोच आलेख पुन्हा सोडवायला दिला. पहिल्या उपप्रश्नाला बहुतेकांनी दोन ओळी लिहून पेन उचललं. तिसऱ्यात एकाने लिहिलं होतं की बर्फाच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणला असेल, त्यात मीठ पडलं असेल. तिने फोन करून विचारलं, “याला गुण द्यायचा ना?” म्हटलं, पूर्ण दे.