केबल बरी की सेन्सर

"भिया, केबलवाली गाडीच बरी होती ना? या सेन्सरवाल्या एक्सिलेटरचा भरवसा काय?"

इंदूरला गॅरेज आहे म्हणून आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वी मीसुद्धा हेच म्हणायचो. केबलमध्ये तुमचा पाय सरळ थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी पट्टी उघडतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते मागाहून कळतं. नव्यात पाय फक्त मागणी करतो, पट्टी किती उघडायची ते ईसीयू ठरवतो आणि मोटर उघडते. मला हेच खटकायचं, माझा पाय आणि पट्टी यांच्या मधे हा तिसराच कोण.

मग एका काकांची पेट्रोल गाडी आली. मधेच पिकअप जायचा, कितीही दाबा, गाडी रांगायची. स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला, P2138. कोडच्या नावात पहिला शब्दच थ्रॉटल दिसला आणि मी थ्रॉटल बॉडी बदलून मोकळा झालो, महागडी. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन, खंडवा रोडवर भेरूघाटात गाडी परत तशीच, मागे ट्रक, आत काकू आणि नात. तो आवाज मी विसरलेलो नाही.

त्या कोडच्या नावात पुढे D/E असतं, ते मी वाचलंच नव्हतं. A/B म्हणजे थ्रॉटल, त्याचा कोड P2135. D आणि E म्हणजे पेडल.

पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, त्या गाडीत दुसऱ्याचा व्होल्टेज पहिल्याच्या निम्मा यायला हवा होता. पाय उचललेला असताना पहिला 0.80, दुसरा 0.40. मी लाइव्ह डेटा लावून पेडलखालची वायर हलवली तर पहिला 0.80 वरच आणि दुसरा 0.68. मग कनेक्टर न काढता, इग्निशन चालू ठेवून, दुसऱ्याच्या अर्थिंगच्या पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मीटर लावला, वायर हलवली की 0.3 व्होल्ट. तिथे जवळपास शून्य यायला हवं. पिन हिरवी पडली होती, अर्थिंगचा व्होल्टेज वर उचलला गेला की सिग्नलही वर जातो. पिन बदलली, थ्रॉटल बॉडीचे पैसे परत केले.

आता बघा, 0.68 ची दुप्पट 1.36, म्हणजे दुसरा सेन्सर सांगत होता की पेडल दाबलंय, आणि पाय तर वर होता. एकच सेन्सर असता तर गाडी घाटात आपोआप पळाली असती. दोघांचं जुळेना म्हणून ईसीयूने ताकद कापली. आणि केबल अडकली की पाय उचलूनही पट्टी उघडीच राहते, हे मी स्वतः पाहिलंय.

पण केबल आधी जड व्हायची, पायाला कळायचं, आणि काकांना त्या दिवशी काहीच कळलं नाही, घाटात एकदम ताकद गेली. हे मला अजून पटत नाही. ते अजूनही माझ्याकडेच येतात, भेरूघाट मात्र टाळतात.