नव्या शहरातले पहिले दोन महिने: पैशांचा माझा हिशेब

नोकरीसाठी नव्या शहरात जायचं ठरलं तेव्हा भाडं परवडेल का, एवढंच सगळे विचारत होते. मला मात्र दुसऱ्याच प्रश्नाची काळजी होती: पहिला पूर्ण पगार हातात येईपर्यंत किती पैसे बाहेर जाणार? महिन्याच्या मध्यावर रुजू झालं की पहिला पगार तुकड्यात मिळतो. उशिरा रुजू झालं, तर तो पुढच्या महिन्यात ढकललाही जातो. घरमालक मात्र भाडं ठरल्या तारखेलाच मागतो. म्हणून दुसऱ्या महिन्याचं भाडंही शिलकीतूनच जाणार, असं धरून मी कागद पुढे ओढला.

हिशेब सोपा व्हावा म्हणून हातात येणारा पगार १०० धरला. त्या मापात माझी शिल्लक १८० होती. समोर दोन घरं होती. लांबच्या घराचं भाडं २४ आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च १३. जवळच्या घराचं भाडं ३१, प्रवास फक्त ४. म्हणजे लांबचं घर महिन्याला ३७ ला पडत होतं आणि जवळचं ३५ ला. भाड्याची पाटी पाहून स्वस्त वाटलेलं घर प्रत्यक्षात महाग होतं.

प्रवासाचा १३ हा आकडा कसा आला, ते सांगायला हवं, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. मुख्य गाडीचा मासिक पास अवघा ५ होता. उरलेले ८ घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय या दोन छोट्या टप्प्यांचे. पासच्या किमतीकडे पाहून प्रवास स्वस्त ठरवला की हे टप्पे हिशेबातून निसटतात. म्हणून घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी, गर्दीच्याच वेळी, दारापासून दारापर्यंत जाऊन आले आणि वाटेत दिलेला प्रत्येक पैसा लिहिला. दुपारी निवांत जाऊन पाहिलं असतं तर चालत गेले असते आणि खर्च कमी दिसला असता. पासचंही तसंच आहे: पासच्या किमतीला एका तिकिटाच्या किमतीने भागायचं. येणारा आकडा महिन्याच्या खऱ्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तरच पास काढायचा. आठवड्यातले काही दिवस घरून काम असेल, तर सुटी तिकिटंच अनेकदा स्वस्त पडतात.

मग जवळचं घर लगेच का घेतलं नाही? अडचण डिपॉझिटची होती. दोन्हीकडे तीन महिन्यांचं भाडं मागत होते, म्हणजे लांबच्या घराला ७२ आणि जवळच्याला ९३. डिपॉझिट परत मिळायचं असतं, त्यामुळे मी ते खर्चात धरत नाही. पण तोवर ते अडकूनच राहतं. त्यात दोन महिन्यांचं भाडं, एका महिन्याचा प्रवास आणि खाण्यापिण्यासह इतर गरजांचे ३० मिळवले, तर लांबच्या घराला १६३ लागत होते आणि जवळच्याला १८९. दर महिन्याला स्वस्त पडणारं घर सुरुवातीलाच शिलकीबाहेर जात होतं, आणि घरात अजून एक वस्तूही आलेली नव्हती.

घरमालकीणबाईंना मी हे सरळ सांगितलं. भाडं कमी करा असं म्हटलं नाही, कारण तिथे त्यांचं कायमचं नुकसान होतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट आत्ता घ्या, तिसरं पहिल्या पूर्ण पगारानंतर देते, असं विचारलं. नोकरीचं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "तारीख लिहून द्या, मग माझी हरकत नाही." भाडेकरारात दोन्ही रकमा आणि तारखा आल्या. सोडताना कशाचे पैसे कापले जातील आणि उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल, तेही लिहून घेतलं. आधीपासूनचे ओलीचे डाग, तडे आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून त्यांना त्याच दिवशी पाठवले. पुढे कपातीवरून वाद झालाच, तर हेच कामी येतात.

आता १८९ चे १५८ झाले आणि बिऱ्हाड मांडायला २२ उरले. त्यातून झोपायला गादी, शेगडी, मोजकी भांडी, बादली, दाराचं कुलूप आणि पडदे आणले. खिडकीचं माप घेतल्याशिवाय पडदे आणायचे नाहीत, हा नियम पाळला. कपाट, टेबल, खुर्ची मागे ठेवली, कारण घरात राहिल्यावरच जागा कुठे आहे आणि गरज कशाची आहे ते कळतं. हप्त्यावर काहीच घेतलं नाही, कारण पहिल्या पूर्ण पगारातले ३१ आधीच डिपॉझिटच्या नावाने बांधलेले होते.

तो पगार आला तेव्हा भाडं, प्रवास आणि घरखर्च धरून ६५ बाजूला गेले. उरलेल्या ३५ मधून डिपॉझिटचा शेवटचा भाग देऊन पावती घेतली. उरले चार, आणि टेबल त्याच्या पुढच्या महिन्यात आलं.