ओरडणारा धाकटा आणि गप्प थोरली

मी मुलांचा डॉक्टर आहे. रात्री दचकून किंचाळत उठणाऱ्या मुलांचे आईबाप माझ्याकडे नेहमी येतात. या कुटुंबाबद्दल मुद्दाम लिहितोय, कारण ज्याच्यासाठी ते आले होते त्याला फारसं काही झालेलं नव्हतं आणि जिला खरा त्रास होता तिला नुसतं सोबत आणलं होतं.

मुलगा पावणेपाच वर्षांचा. आई आत आली तीच मोबाईल पुढे करत. "डॉक्टर, आधी हे बघा. सांगून कळणार नाही."

व्हिडिओत मुलगा झोपेतून ताडकन उठून बसतो आणि कानठळ्या बसतील अशी किंकाळी फोडतो. डोळे टक्क उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती भात्यासारखी हलतेय. आई म्हणते, "अरे, मी आहे, आई आहे," तर तो तिलाच दोन्ही हातांनी ढकलतो. मग बाबा दिवा लावतात, त्याला उचलून घट्ट धरतात, हलवून हाका मारतात, तोंडावर पाणी मारतात. तो आणखीच चवताळतो, लाथा झाडतो. बऱ्याच वेळाने एकदम सैल पडतो आणि झोपून जातो.

"सकाळी काय म्हणतो?" मी विचारलं.

"काहीच आठवत नाही त्याला. आम्ही रोज विचारतो, काय दिसलं, कोण आलं होतं. आता सांगायला लागलाय की काळा माणूस येतो, कधी म्हणतो साप येतो."

रोज नवं उत्तर, म्हणजे मूल आठवून सांगत नाहीये. मोठी माणसं काहीतरी ऐकायला बसलीत, म्हणून ते देतंय. मग मी वेळ विचारली. झोपतो साडेदहाला, किंचाळतो बाराच्या सुमारास, एका रात्रीत एकदाच. शाळा सुरू झाल्यापासून दुपारची झोप बंद झाली आणि त्यानंतर महिन्याभरात हे सुरू झालं.

याला नाइट टेरर म्हणतात. हे स्वप्न नव्हे. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात मुलांची झोप सगळ्यांत गाढ असते. त्या गाढ झोपेतून हलक्या झोपेकडे येताना मेंदूचा काही भाग जागा होतो आणि उरलेला झोपलेलाच राहतो. शरीर घाबरल्यासारखं वागतं, पण समोर आई आहे हे ओळखणारा मेंदू त्या वेळी कामावर नसतो. म्हणून समजावणं पोचत नाही आणि घट्ट धरलं की झटापट वाढते. झोप अपुरी पडली की गाढ झोप आणखी गाढ होते आणि असे झटके वाढतात. या मुलाची दुपारची झोप गेली होती, पण रात्रीची वेळ तीच राहिली होती. बाबा लहानपणी झोपेत चालायचे, हेही विचारल्यावर कळलं. हा स्वभाव पुष्कळदा घराण्यातून येतो.

तोच व्हिडिओ मी पुन्हा लावला, या वेळी फक्त आवाज ऐकण्यासाठी. घोरणं, तोंडाने श्वास, मध्येच श्वास अडकणं असं काही असतं तर टॉन्सिल-ॲडिनॉइड तपासावे लागले असते, कारण श्वासाच्या अडथळ्यानेही गाढ झोप अशी मोडते. तसं काही नव्हतं. फिट्सची शंकाही पाहिली. झोपेतल्या फिट्स बहुधा दोन-तीन मिनिटांच्या आतल्या असतात, दर वेळी हुबेहूब तशाच हालचाली होतात आणि एका रात्रीत अनेकदा, कुठल्याही वेळी येऊ शकतात. इथे तसं चित्र नव्हतं, म्हणून मेंदूच्या लहरी तपासणारा ईईजी सांगितला नाही.

हे समजावत असताना थोरलीकडे लक्ष गेलं. आठ वर्षांची, कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोळ्यांखाली काळं. "ही कुठे झोपते?"

"त्याच्याच खोलीत. पण ती शहाणी आहे हो, कधी त्रास नाही."

मी तिलाच विचारलं, तुझी झोप कशी आहे? तिने आईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मला सारखं तेच स्वप्न पडतं." कुणीतरी भावाला जिन्यावरून खाली नेतंय, ती ओरडायला जाते आणि तोंडातून आवाजच फुटत नाही. हे पहाटे पडतं. मग ती उजाडेपर्यंत जागी पडून राहते. "आईबाबा दमलेले असतात ना," म्हणून सांगितलेलं नाही.

आईला रडू आलं.

हे खरं दुःस्वप्न. ते रात्रीच्या उत्तरार्धात पडतं, कारण स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते. मूल पूर्ण जागं होतं, गोष्ट सांगू शकतं, माणसं ओळखतं, जवळ घ्यावं असं त्याला वाटतं आणि पुन्हा झोपायची भीती वाटते. ज्याच्या किंकाळ्यांनी घर हादरतं त्याला सकाळी काही आठवत नाही. हिला सगळं आठवत होतं आणि ते ती दिवसभर वागवत होती.

दोघांचे उपाय जवळजवळ उलटे आहेत. धाकट्याला उठवायचं नाही, दिवा नाही, पाणी नाही. शेजारी बसायचं, पडणार-आपटणार नाही एवढं पाहायचं, चालू लागला तर हलकेच वळवून पलंगाकडे आणायचं. खिडक्यांना कडी, पलंगाजवळ टोकदार वस्तू नको. सकाळी चौकशी तर अजिबात नको. निजायची वेळ हळूहळू तासभर अलीकडे आणायची, निजण्याआधी लघवीला न्यायचं. आणि त्याची वेळ ठरलेली असल्यामुळे एक गोष्ट करता येत होती: झटका येण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी त्याला हलकं चाळवायचं. कूस बदलली, काही पुटपुटला की पुरे, मग झोपू द्यायचं. असं रोज, दोन ते चार आठवडे. झटके कधीही येत असतील तर हा उपाय बसत नाही.

थोरलीला मात्र जवळ घ्यायचं, पूर्ण जागं झाल्याची खात्री करायची, "स्वप्न होतं, तू घरी आहेस" एवढंच सांगून तिच्याच पलंगावर झोपेपर्यंत थांबायचं. लांबलचक चर्चा मध्यरात्री नको. खरं काम दिवसाउजेडी. स्वप्नाचं चित्र काढायचं आणि शेवट तिने स्वतः बदलायचा. मोठ्यांनी शेवट सुचवू नये, तो तिला आपला वाटत नाही. तिने माझ्याच टेबलावर जिना काढला, थोडा विचार केला आणि भावाच्या मनगटापासून स्वतःच्या मनगटापर्यंत एक लाल दोरी काढली. "मी ओढणार." हा नवा शेवट रोज पाच-दहा मिनिटं डोळे मिटून पाहायचा, पण निजण्याच्या तोंडावर नाही.

भाऊ का ओरडतो हे मी तिला तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्याला दुखत नाही?" नाही म्हटल्यावर तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. काही दिवस तिला आईजवळ झोपवायला सांगितलं. स्वप्नात खरोखर घडलेली गोष्ट येत असती, किंवा दिवसाही ती धास्तावलेली, शाळा टाळणारी, एखाद्या माणसाला घाबरणारी दिसली असती, तर चित्रांवर न थांबता मी तिला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. म्हणून तिच्याशी थोडा वेळ एकटीशीही बोललो.

महिन्याभराने दोघांना घेऊन आले. धाकट्याचे झटके थांबले होते, एक आला तो ताप असताना. तापात, प्रवासात, जागरणात तो पुन्हा येऊ शकतो आणि बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत हे आपोआप जातं, हे सांगून ठेवलं. थोरलीला ते स्वप्न अधूनमधून पडतं, पण आता ती आईला उठवते.