उलटा करून पाहिलेला ब्लाउज

साताऱ्यात ब्लाउज शिवून देणारे पुष्कळ आहेत. शिवलेला ब्लाउज सैल करून देणारं माणूस शोधायला लागलं की मात्र दमछाक होते, आणि लग्नसराईत तर कुणी दारातही उभं करत नाही. मला शाहूपुरीत घरच्या घरी शिलाईचं काहीतरी काम सुरू करायचं होतं. मोटर लावलेली मशीन घरात होती, सरळ शिलाई चांगली बसायची, पण कटिंगवर अजून हुकमत नव्हती. म्हणजे नवे ब्लाउज शिवून मास्टर लोकांच्या बरोबरीला बसणं शक्य नव्हतं. उरलं फॉल-पिको, नाहीतर दुरुस्ती. यातलं काय घ्यायचं, हे ठरवायच्या आधी गावात कोण काय घेतं आणि काय देतं ते बघायचं ठरवलं.

फोनवर भाव विचारून काही हाती लागत नाही. "कपडा बघून सांगू" असंच उत्तर मिळतं. म्हणून एका शनिवारी पिशवीत तीन खरे कपडे घेतले: फॉल लावायची एक साडी, जाऊबाईंचा काखेत घट्ट झालेला अस्तराचा ब्लाउज आणि उंची कमी करायचा एक कुर्ता. सगळीकडे हेच तीन कपडे दाखवायचे, म्हणजे उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येतात. एका ठिकाणी साडीचा भाव विचारला आणि दुसरीकडे ब्लाउजचा, तर त्या तुलनेला अर्थ नसतो. खोटं गिऱ्हाईक होऊन माहिती काढणं मला पटत नाही. म्हणून जिथे विचारायचं तिथे एकतर काम द्यायचं, नाहीतर कशासाठी विचारतेय ते सांगून टाकायचं, हे आधीच ठरवलं होतं.

कुर्त्याचा निकाल लवकर लागला. राजपथावरच्या तयार कपड्यांच्या दुकानांत उंची कमी करून देणारा माणूस बसलेलाच असतो, आणि तिथे खरेदी केली असेल तर बरेचदा पैसेही घेत नाहीत. तिथे मला जागा नव्हती.

फॉल-पिकोचं चित्र गोडोलीत घरून काम करणाऱ्या एका बाईंकडे उलगडलं. त्यांनी साडीचे शंभर सांगितले, फॉल त्यांचाच. भाव ठीक वाटला. पण त्यांच्याकडे एकाच कापड दुकानाच्या साड्यांचा गठ्ठा पडलेला दिसला. साडी त्यांच्याकडेच ठेवली आणि मला काय करायचंय ते सांगितलं. त्यांनी मोकळेपणानं हिशेब मांडला. दुकानदार साडीवर फॉल-पिको मोफत म्हणून देतो आणि ते काम या बायकांकडे पन्नास रुपयांना येतं, फॉल दुकानाचा. त्यांच्याकडे पिकोची मशीन आहे, म्हणून गठ्ठ्यावर त्यांना परवडतं. माझ्याकडे ती मशीन नाही. शंभरातून पिकोवाल्याचे तीस आणि फॉलचे पंचवीस गेले की पंचेचाळीस उरतात, आणि हातशिलाईला मला तासभर लागतो. खरा स्पर्धक पाटी लावून बसलेला नसतो, तो कापड दुकानाच्या मागच्या दाराशी असतो, हे बाजारात हिंडताना कधीच दिसलं नसतं.

मग राहिला ब्लाउज. तिथंच दिवसाचा बराचसा वेळ गेला.

मोती चौकाच्या अलीकडे एका जुन्या मास्टरांचं दुकान आहे. फिटिंगसाठी त्यांचं नाव आहे. अस्तराच्या ब्लाउजचे ते पाचशे घेतात, अस्तर त्यांचं, आणि चिठ्ठीवर लिहिलेली तारीख पाळतात. ही त्यांची जमेची बाजू, आणि तिच्याशी माझ्यासारखीनं टक्कर घेण्यात अर्थ नाही. मी पिशवीतून जाऊबाईंचा ब्लाउज काढला. त्यांनी हातही लावला नाही.

"दुसऱ्याचं शिवलेलं मी घेत नाही, ताई."

मी तिथे बाकावर बसले असतानाच आणखी दोघीजणी तेच काम घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. एकीचं लग्न दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तावर होतं. मग मी मास्टरांना सरळच विचारलं, की मी हेच काम सुरू करणार आहे, पण तुम्ही का घेत नाही ते मला कळायला हवं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "द्या इकडे."

त्यांनी ब्लाउज उलटा केला आणि काखेखालच्या शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड दोन बोटांत धरलं. "ही बघा माया. बोटभर आहे. बाजूच्या दोन शिलाया उसवल्या, नवी मारली, काम झालं. पण तुमचा हा ब्लाउज बाजूला घट्ट नाही, मुंढ्यात घट्ट आहे. म्हणजे बाही काढा, अस्तर सोडवा, मुंढा मोठा करा, बाही परत बसवा. बाजारात दोन्हीला पन्नासच रुपये म्हणतात. कोण करंल?"

घरी आल्यावर मी दोन्ही कामं घड्याळ लावून केली. नुसती बाजू सैल करायला दोरा बदलण्यासकट वीस मिनिटं गेली. मुंढ्याला पन्नास मिनिटं लागली. पन्नास रुपये दर धरला तर पहिल्या कामात तासाला दीडशे सुटतात आणि दुसऱ्यात साठ. मास्टर नव्या ब्लाउजला अडीच तास देतात. पाचशेतून अस्तर, हूक, दोऱ्याचे शंभर वजा केले तरी त्यांना तासाला एकशे साठ पडतात. मग ते दुरुस्तीला कशाला हात लावतील? काम कुणी करत नाही असं दिसलं की मला आधी वाटायचं, ही मोकळी जागा आहे, जाऊन बसावं. पण ती जागा एका कारणानं मोकळी होती: कुणीही ब्लाउज उलटा न करता एकच भाव सांगत होतं. त्याच भावानं मी बसले असते तर मुंढ्याच्या कामांत महिनाभरात मेटाकुटीला आले असते.

म्हणून दर दोन केले. बाजूची शिलाई पन्नास, मुंढ्यासकट एकशे वीस. एकशे वीसला पन्नास मिनिटं म्हणजे तासाला एकशे चव्वेचाळीस, जवळजवळ पहिल्याइतकेच. माप सोडा, आधी कपडा उलटा करून बघायचा आणि मगच भाव सांगायचा. गिऱ्हाईकालाही ते आत बोट घालून दाखवते, म्हणजे एकशे वीस कशाचे ते तिला दिसतं.

नकार कुठे द्यायचा हेही मास्टरांनीच सांगितलं. शिलाईत माया पाव इंचापेक्षा कमी असेल तर उसवून उपयोग नाही. फार तर काखेत त्याच रंगाचा जोड लावता येतो, तोही गिऱ्हाईकाला आधी दाखवून. दुसरं रेशमाचं. उसवलेल्या जागी सुईची भोकं राहतात, आणि कापड विटलेलं असेल तर आतली माया गडद रंगाची बाहेर येऊन पट्टा दिसतो. काठपदराच्या जुन्या साडीतला ब्लाउज आला की ते कपडा हातात घेतानाच बोलून टाकते. नंतर सांगितलं की तंटा होतो.

निघताना मास्टर म्हणाले, "दुकानात आलेलं परत पाठवायला मलाही बरं वाटत नाही. शाहूपुरीत करतात म्हणून सांगत जाईन, पण तारीख चुकवू नका, नाव माझं जाईल." म्हणून लग्नसराईत दिवसाला मुंढ्याची चारच कामं घ्यायची असं ठरवलं. पाचवी बाई आली तर तिला परवाची तारीख देते, आणि तेवढा वेळ नसेल तर कपडा ठेवून घेत नाही.