तुम्ही विचारलंत म्हणून: २५७ रुपयांचा फरक

"तुम्ही तर कुणाशी फारसं बोलतही नाही. मग एवढ्या सोसायट्यांची कामं तुमच्याकडे आली कशी?"

एका पोस्टमुळे. आणि ती पोस्ट २५७ रुपयांमुळे.

मुलुंडमधल्या एका हाउसिंग सोसायटीचे हिशेब मी लिहीत होते. मार्चअखेर थकबाकीची यादी काढली, तर पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या नावापुढे मुद्दल १२,००० आणि व्याज २,७७७ रुपये. वह्या ऑडिटला जायच्या आधी मी व्याज एकदा हाताने काढून बघते. सोसायट्यांच्या तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावता येत होतं, आणि तेही सरळ व्याज. म्हणजे महिन्याला २१०, बारा महिन्यांचे २,५२०. इथे २५७ जास्त लागले होते.

खातं उघडलं. पहिल्या महिन्याचं व्याज २१०, दुसऱ्याचं २१४. तिथेच कळलं. बिलिंगचं सॉफ्टवेअर आधीचं व्याज बाकीत मिळवून त्यावर पुन्हा व्याज काढत होतं. मुद्दल तेवढंच असताना दुसऱ्या महिन्यात व्याज वाढलेलं दिसलं, की चक्रवाढ लागतंय हे नक्की.

ते दुरुस्त करून थांबता आलं असतं. पण आजींनी नंतरचं प्रत्येक बिल वेळेवर भरलेलं होतं, फक्त ही बाकी सोडून. ज्याला पैसे द्यायचेच नसतात तो माणूस असं करत नाही. म्हणून मी सस्पेन्स खातं काढलं. बँकेत पैसे आले पण कुणाचे ते कळलं नाही, की ते तिथे टाकतात आणि बहुतेक वेळा तिथेच विसरतात. सात नोंदी होत्या. त्यातली एक बरोबर १२,००० ची, आदल्या मार्चमधली, एनईएफटीने आलेली. पाठवणाऱ्याचं नाव होतं, फ्लॅट नंबर नव्हता.

रक्कम जुळली म्हणून लगेच जमा करायची नसते. सारख्या आकाराच्या फ्लॅटांची बिलं सारखीच येतात, आणि चुकीच्या माणसाच्या खात्यात पैसे गेले की पुढे दोघांशी भांडण. मी आजींकडे गेले. दारातच त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलाने पुण्याहून भरलेत ते. मी दोनदा सांगितलं, पण पावती दाखवा म्हणतात." मुलाकडून व्यवहाराचा यूटीआर नंबर मागवला आणि बँकेच्या स्टेटमेंटशी एकेक अक्षर ताडून पाहिला. जुळला. मग सस्पेन्स नावे, आजी जमा. व्याजाचे २,७७७ कमिटीच्या ठरावाने उलटवले. वर्षभर नोटीस बोर्डावर थकबाकीदार म्हणून त्यांचं नाव लागत होतं. ते काढलं त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून रडले.

त्या रात्री मी हे सगळं लिहिलं. आजींचं आणि सोसायटीचं नाव न देता, आकड्यांसकट. बारा वर्षं हिशेब लिहीत होते, पण आपल्या कामाबद्दल चार ओळी कधी कुठे टाकल्या नव्हत्या. पोस्ट टाकली आणि फोन उलटा ठेवून झोपले.

तिसऱ्या दिवशी गिरगावातून एका गृहस्थांचा फोन आला. वय शहात्तर, जन्म सोसायट्यांच्या वह्या लिहिण्यात गेलेला. मला वाटलं, आकड्यात काही चुकलं असणार. त्यांनी विचारलं, "ताई, ती रक्कम जुळल्यावर तुम्ही लगेच जमा का नाही केलीत?" मी म्हटलं, "तेवढ्याच बिलाचे आणखी फ्लॅट होते." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे अकरा सोसायट्या आहेत. आता डोळे साथ देत नाहीत. तुम्ही घ्याल का?"

पैसे मागितले नाहीत त्यांनी. सहा महिने बरोबर बसेन, एवढंच म्हणाले. सोसायट्या काही कुणाच्या मालकीच्या नसतात, त्यामुळे प्रत्येक कमिटीपुढे जाऊन मला बोलावं लागलं. माझ्यासाठी या सगळ्यात अवघड तेच होतं. पाठ केलेलं पहिल्याच सभेत विसरले. मग वही उघडून त्यांच्याच थकबाकीचं व्याज त्यांच्यासमोर काढून दाखवलं, आणि पुढच्या प्रत्येक सभेत तेच केलं. नऊ कमिट्या हो म्हणाल्या.

पहिल्या शनिवारी मी गिरगावात गेले. टेबलावर कापडी बांधणीच्या वह्या रचलेल्या होत्या. चहा येईपर्यंत ताळेबंद बघावा म्हणून मी वरची वही ओढली, तर काकांनी तिच्यावर हात ठेवला. "ताळेबंद नंतर," ते म्हणाले. "आधी सगळ्यांची सस्पेन्स खाती काढा. कुणाचे पैसे पडलेत ते बघू."