काय ते नेमके कळवावे

तहसील कचेरीत आलेलं टपाल आधी बारनिशीत जातं. तिथे त्यावर आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि मग ज्याच्या त्याच्या टेबलावर गठ्ठा येऊन आदळतो. मी अव्वल कारकून असताना माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवा लिपिक रुजू झाला. पोरगा हुशार, अक्षर देखणं. पहिल्याच आठवड्यात त्याने आमचं पत्र पाठ केलं होतं.

आमचं पत्र म्हणजे हे: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या अर्जात त्रुटी आढळून आल्या असून त्यांची पूर्तता करून अर्ज फेरसादर करावा. अन्यथा आपणांस काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून प्रकरण निकाली काढण्यात येईल.’ कोणत्याही अर्जाला चालायचं. वारसनोंद असो, क्षेत्रदुरुस्ती असो, नाव चुकलेलं असो. त्रुटी कोणत्या, हे त्यात कुठेच नसे. मग तो शेतकरी तेच पत्र घडी घालून खिशात ठेवून यायचा आणि टेबलाशी उभा राहून विचारायचा, “साहेब, काय आणू?”

लोकांना वाटतं, आम्हाला लिहिता येत नव्हतं म्हणून आम्ही असं लिहायचो. तसं नाही. ती भाषा फार विचारपूर्वक घडलेली आहे. ‘अमुक एक कागद कमी आहे’ असं लेखी दिलं की आपण बांधले जातो. उद्या नायब तहसीलदारांनी त्याच फाइलवर ‘तमुक कागद का नाही?’ असा शेरा मारला, तर अर्जदार जुनं पत्र नाचवत येणार. ‘त्रुटी’ म्हणून ठेवलं की रोज नवी त्रुटी काढायची सोय राहते. शिवाय जावक क्रमांक पडला की कार्यविवरण नोंदवहीत प्रकरण आपल्या नावावरून उतरतं आणि प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात जातं. काम केल्याचं पुण्यही पदरात पडतं.

हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवले गेले, त्या काळानंतरची ही गोष्ट. आकडे टंकताना जे घोळ झाले ते निस्तरायला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५५ कामाला येई. लेखनप्रमाद, म्हणजे नुसती लिहिण्यातली चूक असेल, तर तहसीलदारांच्या आदेशाने ती दुरुस्त करता येते. असे अर्ज ढिगाने येत. बहुतेकांत आजोबांपासूनचा इतिहास, भावकीतली भांडणं, सरकारला दूषणं. आणि नेमकी चूक कुठे ती तिसऱ्या पानाच्या तळाशी.

त्या ढिगात एका निवृत्त शिक्षिकेचा एकपानी अर्ज आला. पहिल्याच ओळीत मागणी: ‘माझ्या गटाचे क्षेत्र संगणकीकृत सातबाऱ्यावर चुकले आहे, ते दुरुस्त करून मिळावे.’ खाली दोन आकडे एकाखाली एक लिहिलेले. हस्तलिखित सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर, संगणकीकृत सातबाऱ्यावर ०.१८. टंकणाऱ्याच्या हातून आकडे उलटले आणि बाईंची दोन एकर जमीन अर्ध्या एकराच्याही आत आली. सोबत दोन्ही सातबाऱ्यांच्या नकला आणि खरेदीच्या फेरफाराची प्रत. तिन्हींवर क्षेत्राच्या आकड्यांखाली पेन्सिलीने बारीक रेघ. शेवटी लिहिलं होतं: ‘आपल्याकडे कामाचा भार असतो याची कल्पना आहे. यात काही कमी असल्यास नेमके काय ते कळवावे, म्हणजे एकाच खेपेत आणता येईल. आमच्या गावाहून सकाळी एकच एस.टी. आहे.’

पोरगा ते पत्र हातात घेऊन बसून राहिला. आमचं ठरलेलं उत्तर त्याने लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीतच अडला. ‘नेमके काय’ या प्रश्नाला ‘त्रुटी’ हे उत्तर कसं देणार? बाईंनी वाद घातला असता, माहितीच्या अधिकाराचा धाक घातला असता, तर आम्ही सराईतपणे कलमं फेकली असती. सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नापुढे आमच्याकडे काही तयार नव्हतं.

म्हणून त्याने फाइल पूर्ण वाचली. हे आधी कोणी करत नसे. आधी पत्र जायचं, वाचन नंतर. वाचल्यावर कळलं की एकच कागद कमी आहे, आकारबंदाचा उतारा. गटाचं मोजणीतून ठरलेलं मूळ क्षेत्र आकारबंदात असतं. सातबारा त्याच्याशी जुळला, की ०.८१ हीच खरी आणि ०.१८ ही नुसती टंकचूक, हे सिद्ध होतं. न जुळला, तर मामला लेखनप्रमादाचा राहत नाही आणि १५५ तिथे चालत नाही.

त्याने मसुदा माझ्यापुढे ठेवला. ‘आपल्या अर्जासोबत फक्त आकारबंदाचा उतारा कमी आहे. तो आपल्या तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळेल. तो मिळाल्यावर तलाठी व मंडळ अधिकारी यांचा अहवाल मागवला जाईल, हितसंबंधितांना नोटीस निघेल, नंतर आदेश होईल व तलाठी फेरफाराची नोंद घेतील. सकाळच्या एस.टी.ने आलात, तर उतारा घेऊन त्याच दिवशी या टेबलावर देता येईल.’

“अरे, हे काय पत्र आहे? हे तर माहितीपत्रक झालं,” मी म्हणालो.

“सर, ‘फक्त’ लिहिण्याआधी सगळे कागद मोजलेत.”

तो ‘फक्त’ मला खटकत होता. तरी मी सही करून मसुदा पुढे पाठवला. बाई उतारा घेऊन आल्या, टेबलावर ठेवून गेल्या. उभ्या राहून काही विचारायला त्यांना उरलंच नव्हतं.

मग पोराने सवयच लावून घेतली. फाइलच्या आतल्या बाजूला एक अर्धा कागद डकवायचा, त्यावर त्या प्रकाराला लागणारी सगळी कागदपत्रं, आलेल्यांपुढे खूण. खुणा झाल्याशिवाय पत्र नाही, आणि पत्र गेलं की नवी मागणी नाही. हळूहळू शेजारच्या टेबलांनी त्याचा कागद उचलला, कारण स्मरणपत्रं घटली आणि ‘काय आणू’वाल्यांची रांगही. कोणी सुधारलं म्हणून नव्हे, दुपारचा डबा वेळेवर खाता येऊ लागला म्हणून.

अडलं ते नकाराच्या पत्रांशी. एका गटात दोघा भावांचं क्षेत्र वादात होतं. एकाला हवी होती दुरुस्ती, दुसऱ्याची हरकत. पोराने लिहिलं की हा लेखनप्रमाद नाही, म्हणून विनंती अमान्य, आणि आदेशाविरुद्ध ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येईल. यावर कचेरीत खळबळ. “अपिलाचा रस्ता आपणच दाखवायचा?” नायब तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. पण कायद्यातच तो रस्ता आहे म्हटल्यावर काय करणार? सही झाली. भावांचं भांडण मात्र पत्राने मिटलं नाही, मिटणारही नव्हतं.

पुढे त्याची बदली झाली. नवा लिपिक आला, त्याला गठ्ठ्यासोबत बाईंना पाठवलेल्या पत्राची स्थळप्रतही नमुना म्हणून मिळाली. तो फार आज्ञाधारक. काही महिन्यांनी कचेरीच्या मागच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ पत्र घेऊन आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, कागदाचं कळलं. पण सकाळची एस.टी. कुठून पकडायची?”