ब्लॅकचे सात

मी पुण्यातल्या एका क्लबात मार्कर आहे. म्हणजे बॉल मांडायचे, स्कोअर ठेवायचा आणि स्पर्धा असली की पंचगिरीही करायची. परवाच्या स्पर्धेत साठीतले एक काका आणि कॉलेजातला एक मुलगा समोरासमोर होते. मुलाची आई स्कोअरबोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसलेली, पहिल्यांदाच स्नूकर बघत होती.

"दादा, रंगीत बॉल भोकात गेला तरी तुम्ही परत वर का ठेवता?"

रेड संपेपर्यंत तसंच चालतं, मी म्हणालो. एक रेड, मग एक रंगीत, पुन्हा रेड. रेडचा एक गुण, आणि तो गेला की गेलाच. रंगीत मात्र आपल्या जागेवर परत येतो. रेड संपले की रंगीत चढत्या क्रमाने घ्यायचे आणि तेव्हा तेही परत येत नाहीत: यलो दोन, ग्रीन तीन, ब्राउन चार, ब्लू पाच, पिंक सहा, ब्लॅक सात.

टेबलावर शेवटचे तीन उरले तेव्हा काका 52, मुलगा 41. पाळी काकांची, मारायचा होता ब्लू. काठीने मारायचा पांढरा बॉल ब्लूला केसभर चुकला आणि थेट ब्लॅकवर आदळला.

"फाउल, सात," मी पुकारलं.

"पण मारायचा तर ब्लू होता ना? मग पाच का नाही?"

फाउलचे निदान चार. पण मारायचा बॉल किंवा चुकून लागलेला बॉल जास्त किमतीचा असेल तर तेवढे. इथे ब्लॅक लागला, म्हणून सात. आणि हे काकांचे कापत नाहीत, मुलाला देतात. नव्या प्रेक्षकांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. मुलगा 48 वर आला.

त्याने ब्लू घेतला, 53. पिंक घेतला, 59. ब्लॅकला मात्र हात थरथरला. काकांनी तो शांतपणे पॉकेटात घातला: 59-59.

आईला वाटलं, बरोबरी, संपलं. स्नूकरमध्ये असं संपत नाही. ब्लॅक पुन्हा जागेवर ठेवला आणि नाणं उडवलं. जिंकणारा ठरवतो पहिला कोण खेळणार. काका जिंकले आणि म्हणाले, "पोराला खेळू दे." पांढरा टेबलावर आखलेल्या 'डी'च्या अर्धवर्तुळात कुठेही ठेवता येतो. आता पहिला गुण किंवा पहिला फाउल, जे आधी होईल त्यावर फ्रेम, म्हणजे हा डाव, संपते.

मुलाने ब्लॅक कुशनला लावून सुरक्षित ठेवायचं ठरवलं. ब्लॅक लागला, नीट दूरही गेला. पांढरा मात्र दोन कुशन घेऊन हळूहळू कोपऱ्याकडे निघाला. पॉकेटाच्या ओठावर क्षणभर थबकला आणि आत पडला.

मी तोंड उघडायच्या आत शेजारून बारीक आवाज आला, "सात ना?"

मी 66 लिहिलं.